दोन्ही फ्लक्सच्याच वायर, पण एक गॅसशिवाय चालते आणि दुसरी अजिबात चालत नाही

मागच्या उसाच्या सीझनला एक जण शेतात ट्रॉलीच्या फाळक्याचा बिजागर वेल्डिंगनं जोडत बसला होता, मशीन भारी, वायर नवी कोरी, तरी टाका कसा पडला तर मधमाशांच्या पोळ्यासारखा, सगळा भोकाभोकाचा. मला फोन केला आणि म्हणाला, "अहो दुकानदारानं सांगितलं फ्लक्सवाली आहे, गॅस लागत नाही." मी म्हटलं डब्यावरचं वाच. त्यानं वाचलं, E71T-1C. तिथंच सगळा घोळ होता.

बाजारात फ्लक्सच्या वायर दोन जातीच्या मिळतात आणि दिसायला त्या सख्ख्या बहिणी. दोन्ही बाहेरून पातळ पत्र्याची नळी, आत पावडर, तोच फ्लक्स. एकीला बाहेरून सीओटू किंवा आर्गॉन मिक्सची बाटली लागतेच, दुसरी स्वतःच स्वतःचं संरक्षण करते. शेतात, गच्चीवर, रस्त्याकडेला वाऱ्यात काम करायचं तर दुसरीच पाहिजे, आणि नुसतं "फ्लक्सवाली द्या" म्हटलं की काउंटरवरून कुठली हातात पडेल त्याचा नेम नाही.

ओळखायची कशी? डब्यावर किंवा स्पूलच्या स्टिकरवर कोड असतो त्याचं शेपूट बघायचं. E71T-1C नाहीतर E71T-1M असेल तर गॅसवाली, C म्हणजे शुद्ध सीओटू आणि M म्हणजे मिक्स गॅस. E71T-11 नाहीतर E71T-GS असेल तर बिनगॅसची. आता गंमत बघा, पुढचं 71T सगळ्यांत तेच, म्हणजे ताकद साधारण तेवढीच, नळीची वायर, आडवी-उभी-डोक्यावर सगळीकडे चालणारी, आणि एक कुठे आणि अकरा कुठे, घाईत वाचलं की माणूस फसणारच. GS बद्दल एक लक्षात ठेवा, ती फक्त एका थरासाठी आहे. गेटची जाळी, पातळ पत्रा, चौकोनी पाइप याला बरी, पण जाड कामाला एकावर एक थर मारायचे असतील तर 11 घ्या.

आतली पावडर दोन्हीत असते मग फरक कशानं पडतो, हा प्रश्न मला खूप जण विचारतात. गॅसवाल्या वायरची पावडर आर्क स्थिर ठेवते आणि टाक्यावर स्लॅगचं, म्हणजे वितळून घट्ट झालेल्या कवचाचं पांघरूण घालते, हवा अडवायचं मुख्य काम मात्र बाटलीतल्या गॅसचं. गॅस काढून घेतला की हवेतला नायट्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो, लोखंड घट्ट होताना तो बाहेर पडायला बघतो आणि तीच ती भोकं. बिनगॅसच्या वायरमध्ये पावडर जळून स्वतःच वाफ आणि धूर तयार करते, शिवाय त्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमसारखे धातू असतात ते आत आलेला नायट्रोजन-ऑक्सिजन पकडून ठेवतात. थोडक्यात आपल्या वेल्डिंगच्या काडीचं कव्हर आत भरून तिची लांब वायर केली असं समजा. म्हणून उलटा शहाणपणाही करू नका, बिनगॅसच्या वायरला "अजून चांगलं होईल" म्हणून गॅस सोडला की पकडायला हवा कमी येते, ते ॲल्युमिनियम टाक्यातच शिल्लक राहतं आणि टाका कडक, ठिसूळ होऊ शकतो.

आता पोलॅरिटी, म्हणजे गन आणि अर्थ यातलं कुठलं प्लसला आणि कुठलं मायनसला, इथं अर्धी जनता चुकते. गॅसवाली E71T-1 चालते गन प्लसवर आणि अर्थ मायनसवर, आत पावडर नसलेली साधी सॉलिड वायर पण तशीच, त्यामुळे मशीन दुकानातून येते तेव्हा बहुतेक वेळा त्याच जोडणीत असते. E71T-11 ला बरोब्बर उलटं, गन मायनसवर, अर्थचा क्लॅम्प प्लसवर. छोट्या इन्व्हर्टर मशीनवर पुढं एक आखूड शेपटीसारखी केबल असते ती काढून मायनसच्या सॉकेटात घालायची आणि अर्थची केबल प्लसमध्ये, काही मशीनला दरवाजा उघडून आत दोन बोल्टच्या पट्ट्या अदलाबदल कराव्या लागतात. मशीन बंद करून, प्लग काढूनच. आणि सॉकेट नीट पिळून घट्ट करा, ढिला राहिला तर तापून वितळतो.

E71T-11 ला चुकीची पोलॅरिटी राहिली तरी आर्क लागतो हो, म्हणूनच तर कळत नाही! पण मोठमोठे थेंब बाजूला उडतात, आवाज तुटक फटफट येतो, टाका दोरीसारखा वर उभा राहतो आणि भोकं पडतात. बरोबर जोडणीत आवाज सलग सरसर येतो, टाका पसरतो, आजूबाजूला दाणे कमी. भंगाराच्या तुकड्यावर दोन इंच मारून बघितलं की एका मिनिटात कळतं, पण लोक थेट कामावरच सुरू होतात आणि मग वायरला शिव्या घालतात.

मशीनमधल्या वायर ढकलणाऱ्या रोलरबद्दल एक वाक्य, नळीची वायर दाबाखाली चपटी होते म्हणून खाचेवाले, बारीक दाते असलेले रोलर लावा आणि दाब वायर सरकेल एवढाच ठेवा. बाकी वायरचा स्पीड हा या प्रकारात खरा करंटचा नॉब आहे, वायर जास्त सोडली की करंट वाढतो, कमी सोडली की घटतो. 0.9 मिलीमीटरच्या E71T-11 ला साधारण मिनिटाला 1.8 ते 2.8 मीटर वायर आणि 15 ते 16.5 व्होल्ट असा पट्टा असतो, प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा, तो डब्यात किंवा डब्यावर मिळतो. सॉलिड वायरवर हात बसलेला माणूस हे आकडे बघून हसतो कारण त्याला याच्यापेक्षा बरीच वायर सोडायची सवय असते, आणि तीच सवय इथं नडते.

मशीनच्या नॉबवर 1 ते 10 असे आकडे असतात, त्यावरून काही कळत नाही. मी सरळ मोजतो. अर्थचा क्लॅम्प कामावरून काढायचा, गन मोकळ्या हवेत धरून 6 सेकंद ट्रिगर दाबायचा, निघालेली वायर सेंटीमीटरमध्ये मोजायची. 6 सेकंद म्हणजे मिनिटाचा दहावा भाग, म्हणजे 24 सेंटीमीटर निघाली तर मिनिटाला 2.4 मीटर. वायर थोडी वाया जाते, पण पुढची डोकेदुखी वाचते.

स्पीड जास्त झाला तर वायर कामावर टकटक आपटते आणि गन हाताला मागं ढकलते. कमी झाला तर वायरच्या टोकाला गोळी बनते, आर्क वर चढतो आणि शेवटी वायर गनच्या टिपलाच चिकटते. आता एक गोष्ट जी काडीवाल्यांना पटत नाही: व्होल्ट वाढवला की टाका पसरतो, छान दिसतो, पण बिनगॅसच्या वायरला व्होल्ट जास्त म्हणजे आर्क लांब, आर्क लांब म्हणजे जास्त हवा आत, आणि भोकं पडतात. भोकं दिसली की आधी व्होल्ट अर्धा-एक कमी करा आणि टिपपासून बाहेर राहणारी वायर बघा, 0.9 ला ती 10 ते 13 मिलीमीटर हवी. गन फार जवळ नेली तरी भोकं पडतात, कारण तेवढ्या लांबीत वायर गरम होऊन पावडर कामाला लागायची असते. गॅसचा नोझल तर काढूनच टाका, दिसतं तरी नीट.

त्या ट्रॉलीचं काम मग असं झालं. दुसऱ्या दिवशी 0.9 ची E71T-11 आणली, बिजागराची पट्टी 6 मिलीमीटर, खालचा चॅनेल 5 मिलीमीटर. आधी आजूबाजूचं वाळलेलं पाचट दोन-तीन मीटर बाजूला ओढलं, पाण्याची घागर जवळ ठेवली, कारण ठिणगी पाचटात पडली तर वेल्डिंग राहिलं बाजूला, अख्खा फड पेटायचा. ट्रॅक्टर सोडवून लांब नेला. रंग, गंज आणि आधीचा भोकाचा टाका ग्राइंडरनं चकाकेपर्यंत काढला, त्यावरच नवा टाका चढवायचा नाही. अर्थ टाक्यापासून वीतभर अंतरावर, उघड्या लोखंडावर लावला, चाकाकडे नाही, बेअरिंगमधून करंट जाऊ नये म्हणून. 16 व्होल्टवर वायर मोजली तर 6 सेकंदाला 26 सेंटीमीटर. चाचणीचा तुकडा चांगला आला मग कामाला हात घातला.

गन ओढत न्यायची, ढकलायची नाही. ढकलली की स्लॅग टाक्याच्या पुढं पळतो आणि वितळलेल्या धातूखाली अडकतो. हँडल प्रवासाच्या दिशेला 10-15 अंश कललेलं म्हणजे टोक मागं, झालेल्या टाक्याकडे रोखलेलं. वारा होता, तरी चाललं, गॅसवाल्याचा गॅस मंद झुळुकीनंच उडून गेला असता. पण वादळी वाऱ्यात ही वायर पण दमते, मग एक पत्रा आडोशाला उभा करायचा. आणि धूर हिचा भरपूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं, जस्ताच्या पाइपवर तर नक्कीच, आणि जस्त आधी ग्राइंड करून.

स्लॅगची सफाई म्हणजे काडीवाल्यांची जुनीच कामगिरी, फक्त इथं स्लॅग पातळ असतो म्हणून लोक आळस करतात. पहिला थर झाला की लालसरपणा जाऊ द्यायचा, मग चिपिंग हातोडीनं ठोकायचं, टाका मधोमध न ठोकता दोन्ही कडांना, कारण मधला स्वतःहून उडतो आणि कडेला चिकटून राहिलेलाच नंतर नडतो. चष्मा घालूनच, गार होताना स्लॅगचे कपचे उडून डोळ्यात जातात. मग वायर ब्रश. दुसरा थर मारायच्या आधी कडांना काळी रेघ दिसता कामा नये, ती रेघ वरून झाकली की आत फटच राहते. स्लॅग सहज सुटला तर सेटिंग बरोबर. कडेला घट्ट अडकला असेल तर टाका फुगीर असतो, म्हणजे व्होल्ट कमी किंवा हात घाईचा, मग कडा ग्राइंडरनं मोकळ्या करा.

स्लॅग काढल्यावर टाक्याच्या अंगावर कधी गांडुळाच्या वाटेसारख्या रेघा दिसतात. ती बहुतेक वेळा ओल असते. पावसाळ्यात मशीनवर महिनाभर उघडा राहिलेला स्पूल असेल तर नळीच्या सांध्यातून पावडर ओल धरते, काम झाल्यावर काढून पिशवीत बांधून ठेवा.

त्या बिजागराला दोन थर लागले. शेवटचा स्लॅग काढून, दाणे छिन्नीनं उडवून, ब्रश मारून मगच रेड ऑक्साइड लावला. स्लॅगवर लावला असता तर पहिल्या खेपेला उसाच्या वजनानं फाळका आपटला की रंगासकट कपचा निघाला असता आणि खाली गंज सुरू. तो उरलेला E71T-1C चा स्पूल मात्र गावातल्या सीओटूवाल्या फॅब्रिकेटरला निम्म्या किमतीत गेला.