बाळ दूध टाकतं: खुर्चीपासून उताणं झोपवण्यापर्यंतचा प्रवास

बाळ दूध पितं, ढेकर देतं आणि त्या ढेकरेबरोबर खांद्यावर दुधाचा ओघळ. दिवसातून पाच सहा वेळा असं झालं की घरात चर्चा सुरू, याला रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं परत वर येण्याचा त्रास, आहे का, औषध द्यायचं का, उशी लावायची का. यातले बरेच सल्ले खूप जुने आहेत, त्यातले काही तर चुकीचे ठरून मागे घेतलेत तरी अजून तोंडोतोंडी फिरतात, म्हणून ते आले कुठून हे नीट लिहावंसं वाटलं.

1947 साली बोस्टनमधल्या न्यूहाउजर आणि बेरेनबर्ग या दोन डॉक्टरांनी सतत दूध टाकणाऱ्या बाळांना एक्सरेत दिसणारं बेरियम पाजून एक्सरे बघितले. त्यांना दिसलं की अन्ननलिका जिथे जठराला मिळते ते तोंड उघडंच राहतंय आणि जठरातलं सगळं वर येतंय. याला त्यांनी कॅलेशिया नाव दिलं, म्हणजे सैल पडणं. नाव मिळालं की आजार झाला आणि आजार म्हटला की उपचार आलाच. उपचार साधा होता, बाळाला उभं धरा. पुढे 1950 च्या दशकात डॉ. कारे यांनी हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेली मुलं वर्षानुवर्षं बघितली आणि बरीचशी मुलं काही न करताही मोठी होता होता बरी होतात हे लिहून ठेवलं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती बसवून ठेवायची पद्धत. बाळाला खुर्चीसारख्या सीटमध्ये बांधून बसवायचं हा नियमच झाला.

जवळजवळ तीस वर्षं हे कोणी तपासलं नाही. 1983 मध्ये ओरेनस्टीन आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांखालच्या बाळांच्या अन्ननलिकेत आम्ल मोजणारी बारीक नळी ठेवून सीटमधलं बसणं आणि पालथं झोपणं यांची तुलना केली, आणि सीटमध्ये रिफ्लक्स जास्त निघाला! विचार केला तर पटतं, इतक्या लहान बाळाला पाठ धरता येत नाही, ते सीटमध्ये घसरून पोटात दुमडतं आणि भरलेल्या जठरावर दाब येतो. खांद्यावर सरळ धरलेल्या बाळाचं तसं होत नाही, त्यामुळे पाजल्यावर वीस तीस मिनिटं उभं धरायचा सल्ला आजही चालतो, कार सीटमध्ये झोपवून ठेवायचा नाही.

मग सल्ला उलटला, बाळाला पालथं झोपवा. रिफ्लक्स खरंच कमी व्हायचा. पण त्याच काळात लक्षात आलं की पालथं झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेत अचानक मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. 1992 मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने पालथं झोपवू नका असं सांगितलं, 1994 पासून मोठी मोहीम चालली आणि तिकडे असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. म्हणून आज दूध टाकणारं बाळसुद्धा झोपताना उताणंच, सपाट गादीवर, उशी किंवा उतार न लावता. उताणं असताना दूध वर आलं तर गुदमरेल ही भीती मला पूर्ण समजते, पण शरीराची रचना बघा, उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायला चढावं लागतं. पालथं केलं की हे उलटं होतं.

दरम्यान 1980 च्या आसपास आणखी एक गोष्ट कळली होती. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली ती झडप कायमची सैल नसतेच, ती मध्येच काही सेकंदांसाठी उघडते आणि जठर ताणलेलं असेल तर जास्त वेळा उघडते. बाळाचं सगळं अन्न पातळ, अन्ननलिका आखूड, जठर लहान, त्यामुळे दूध तोंडापर्यंत येणारच. 1997 मध्ये शिकागो भागातल्या साडेनऊशेच्या आसपास पालकांना विचारून केलेला अभ्यास आला: तीन महिन्यांपर्यंतची निम्मी बाळं रोज एकदा तरी दूध टाकतात, चौथ्या महिन्यात हे 67 टक्क्यांवर जातं आणि दहा ते बारा महिन्यांत 5 टक्क्यांवर येतं. म्हणजे चौथ्या महिन्यात वाढलं म्हणून घाबरायचं कारण नाही, तो चढाचा काळच आहे.

औषधांचं पण असंच झालं. जठर लवकर रिकामं करणारं सिसाप्राइड बाळांना सर्रास दिलं जायचं, हृदयाचे ठोके बिघडतात म्हणून 2000 मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढलं. मग आम्ल कमी करणारी औषधं आली. 2009 मध्ये पाजल्यावर रडणाऱ्या 162 बाळांवर त्यातल्याच लॅन्सोप्राझोलची चाचणी झाली, औषध घेणारी 54 टक्के सुधारली आणि नुसतं खोटं औषध घेणारी पण 54 टक्केच, उलट औषधवाल्यांमध्ये छातीचे इन्फेक्शन वगैरे गंभीर त्रास जास्त दिसले. आम्ल कमी केल्याने दूध वर यायचं थांबत नाही, फक्त कमी आंबट येतं.

मग नॉर्मल कसं ओळखायचं? समजा बाटलीने दूध घेणारं दहा आठवड्यांचं बाळ आहे, जन्माचं वजन 3 किलो, आता 5.1. सत्तर दिवसांत 2100 ग्रॅम, म्हणजे रोज 30 ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज 20 ते 30 ग्रॅम म्हणजे छान वाढ. दूध टाकतं, तरी लगेच हसतं. दिवसाला 120 मिलीच्या आठ बाटल्या, म्हणजे 960 मिली. या वयाला साधारण किलोमागे 150 मिली धरतात, म्हणजे याला 765 च्या आसपास पुरे. इथे औषध नकोच, बाटली 95 ते 100 वर आणायची, मध्ये थांबून ढेकर काढायची. आणि कपड्यावरचा डाग बघून अंदाज करू नका, चमचाभर पाणी जुन्या दुपट्यावर ओतून बघा केवढं पसरतं ते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं मिली मोजत बसू नका, वजन बघा.

आता दुसरं बाळ, पाच आठवड्यांचं. आधी ठीक होतं, गेले चार दिवस प्रत्येक वेळी पाजल्यावर धार लांब फेकली जाते, लगेच परत भुकेलं होतं, वजन थांबलंय, लंगोट कमी ओले होतायत. हा रिफ्लक्स नाही, जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होतेय का हे सोनोग्राफीने बघायला हवं, त्याच दिवशी. तसं असेल तर छोटं ऑपरेशन लागतं, 1912 पासून चालत आलेलं, आणि त्याने बाळ बरं होतं.

सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं किंवा वर्षानंतरही चालू राहिलेलं, उलटीत रक्त, पाजताना पाठ ताणून रडणं आणि दूधच नको म्हणणं, हे सगळं डॉक्टरांना दाखवायचंच. ताप, फुगलेली टाळू, फुगलेलं कडक पोट किंवा सुस्त पडलेलं बाळ असेल तर थांबायचंच नाही. आणि हिरवी उलटी. पांढरं, दह्यासारखं फुटलेलं चालतं, पण पालेभाजीसारखा हिरवा रंग म्हणजे पित्त, खाली कुठेतरी आतड्याची वाट अडलीय, कदाचित आतड्याला पीळ बसलाय आणि त्याचा रक्तपुरवठा तुटत असेल. ही उलटी एकदाच झाली तरी रात्र असो की सुट्टी, तो कपडा बरोबर घेऊन सरळ इमर्जन्सीत जा, दुसरी होते का बघत बसू नका.