गटविकासाचे टप्पे

एकत्र काम करायला जमलेली माणसे लगेच 'गट' होत नाहीत. ती ठरावीक अवस्थांमधून जातात, असे सांगणारे समूह-मानसशास्त्रातले एक प्रारूप. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी ते १९६५ साली मांडले. बेथेस्डा इथल्या नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करत असताना त्यांनी लहान गटांवरचे सुमारे ५० लेख वाचून त्यांतला समान क्रम शोधला. त्या क्रमाला त्यांनी फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग आणि परफॉर्मिंग अशी चार यमकी नावे दिली. आपल्याकडे प्रशिक्षणात हीच नावे चालतात. मराठीत जमवाजमव, खटके, घडी बसणे आणि कामगिरी असे म्हणता येईल. प्रत्येक टप्प्यात टकमन यांनी दोन गोष्टी वेगळ्या पाहिल्या: माणसांचे एकमेकांशी नाते कसे आहे आणि हातातल्या कामाकडे ती कशी पाहतात. नेत्याने काय करावे, याचे उत्तर बहुतेक वेळा या दोन गोष्टींमधल्या अंतरात सापडते.

मराठवाड्यात हे प्रारूप सर्वांत स्पष्ट दिसते ते महिला बचत गटात. गट लहान असतो, साधारण १० ते २० जणींचा. बैठक ठरलेल्या दिवशी होते आणि प्रत्येक निर्णय वहीत उतरतो, त्यामुळे टप्पा कुठे बदलला हे मागे जाऊन वाचताही येते. पुढील विवेचनासाठी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातला एक नमुन्याचा गट धरला आहे: १२ बायका, महिना १०० रुपये बचत, सुरुवात जानेवारीत.

जमवाजमव. पहिले दोन-तीन महिने बायका वेळेवर येतात, पैसे देतात आणि फारसे बोलत नाहीत. 'हे पैसे परत मिळतील ना' हा प्रश्न प्रत्येकीच्या मनात असतो, पण विचारत कोणी नाही. सगळ्यांचे लक्ष बाहेरून आलेल्या ताईकडे, म्हणजे राज्य सरकारच्या उमेद अभियानाच्या भाषेत समुदाय संसाधन व्यक्ती किंवा सीआरपीकडे असते. टकमन यांनी या अवस्थेची खूण म्हणून चाचपणी आणि अवलंबित्व सांगितले ते हेच. इथे ताईने मोकळेपणाच्या नावाखाली सगळे गटावर सोडू नये. बैठकीचा दिवस, बचतीची रक्कम, पैसे कोणाकडे राहतील, खाते कोणाच्या सहीने चालेल, हे तिने स्पष्ट सांगावे. पैसे सगळ्यांसमोर मोजावेत आणि वहीतली नोंद मोठ्याने वाचून दाखवावी. वाचता न येणाऱ्या बाईला आपले १०० रुपये वहीत चढले हे ऐकू आले, की तिची निम्मी धास्ती जाते.

या टप्प्यात एक अडचण हमखास येते. बँकेत खाते उघडायचे म्हणून अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष लगेच निवडावे लागतात, आणि कोणाला काय जमते हे अजून कोणालाच माहीत नसते. मग जिचे घर मोठे, जिला सही येते किंवा जिचा नवरा ग्रामपंचायतीत, ती अध्यक्ष होते. हे टळत नाही. म्हणून त्याच बैठकीत पदाची मुदत ठरवून ती इतिवृत्तात लिहून घ्यावी. पुढे खटके सुरू झाल्यावर मुदतीचा विषय काढला, तर तो त्या बाईवरचा अविश्वास ठरतो.

खटके. जूनची बचत धरून ७,२०० रुपये जमायला हवे होते. दोघींचा एकेक हप्ता चुकला, म्हणून ७,००० जमले. जूनच्या बैठकीत तीन मागण्या येतात. एकीला सोयाबीनच्या बियाण्यासाठी ४,००० हवेत, दुसरीला सासूच्या दवाखान्यासाठी ३,०००, आणि तिसरीला शेळीसाठी ५,०००. तिसरी अध्यक्षांची जाऊ आहे. तिला अध्यक्षांनी घरीच 'देते' म्हणून सांगितले आहे, आणि ते बाकीच्यांना पाणवठ्यावर कळले आहे.

बैठकीत आवाज चढतो. 'आमच्या पैशावर तुमची शेळी' इथपर्यंत बोलणे जाते. नवीन ताईला वाटते गट फुटला. खरे तर इतके दिवस सगळे ताईच्या तोंडाकडे पाहत होते, आता पहिल्यांदाच हे पैसे आपले आहेत असे बायकांना वाटू लागले आहे. टकमन यांच्या मांडणीत ही नेमकी दुसरी अवस्था आहे: आपसातला संघर्ष, आणि कामाने घातलेल्या बंधनांविरुद्धची चिडचिड.

नेत्याचा कस इथे लागतो, आणि चुकाही इथेच जास्त होतात. अध्यक्षांनी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून विषय ढकलला, तर भांडण बैठकीतून उठून गल्लीत जाते. ताईने स्वतः निकाल दिला, तर गट पहिल्या टप्प्यात परततो आणि पुढचे प्रत्येक भांडण तिच्या दारात येते. तिसरी चूक सर्वांत सभ्य दिसते आणि सर्वांत महाग पडते: पैसा कमी आहे म्हणून भांडण आहे असे समजून बँकेचे कर्ज लवकर आणणे. साधारण सहा महिन्यांनी गटाची प्रतवारी होऊन कर्जाची वाट खुलते, म्हणजे खटक्यांचा काळ आणि कर्जाची संधी एकदमच येतात. पैसा आला की तिघींनाही मिळते आणि सगळे गप्प होतात. पण कोणाला आधी द्यायचे हा प्रश्न न सुटताच राहतो. तो परतफेडीच्या वेळी मोठ्या रकमेसह उभा राहतो, आणि तेव्हा समोर बँक असते. माझ्या मते कर्जाचा अर्ज गटाने स्वतःच्या पैशावरचे एक भांडण स्वतः मिटवल्यावरच करावा.

मग करायचे काय? अध्यक्ष या प्रश्नात नात्याने अडकल्या आहेत, म्हणून त्या बैठकीपुरते बैठक चालवण्याचे काम सचिवाने घ्यावे. तिघींनी आपली गरज स्वतः सांगावी, मध्ये कोणी बोलू नये. मग ताईने निकाल न देता आकडे मांडावेत. दवाखाना आणि बियाणे मिळून ७,००० होतात, म्हणजे पेटी रिकामी. व्याज महिना २ टक्के धरले, आणि दवाखान्याचे कर्ज दरमहा ५०० रुपयांनी फिटले, तर जुलैत १,२०० बचत, ५०० मुद्दल, ६० आणि ८० व्याज मिळून १,८४० येतील. ऑगस्टात १,८३० आणि सप्टेंबरात १,८२०. तीन महिन्यांत ५,४९०, म्हणजे सप्टेंबरच्या बैठकीत शेळीचे ५,००० देता येतात. 'नाही' आणि 'सप्टेंबरात' यांत फार फरक आहे. जाऊबाईंना तारीख मिळते, अध्यक्षांचा शब्दही अगदीच वाया जात नाही.

घडी बसणे. या एका बैठकीतून गटाला तीन नियम मिळतात: आधी आजारपण, मग पेरणी, मग बाकीचे; पेरणीच्या कर्जाचे व्याज दरमहा, मुद्दल माल विकल्यावर; आणि कर्जाचा शब्द बैठकीबाहेर कोणी द्यायचा नाही. असे भांडणातून आलेले नियम टिकतात. बचत गटांची पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट हिशोब, हे चांगले नियम आहेत, पण ते बाहेरून आलेले असतात. पाठ होतात, अंगी मुरत नाहीत. या टप्प्यात ताईने बोलणे कमी करावे. एखादीने नियम मोडला, तर दंडाची आठवण तिने करून देऊ नये, गटातून कोणी देते का हे पाहावे. दिली, तर घडी बसली.

खोटी घडीही बसते, आणि ती ओळखायला वही पुरते. महिन्यामागून महिने प्रत्येक ठरावापुढे 'सर्वानुमते' लिहिलेले, कर्ज फिरून फिरून त्याच दोघी-तिघींच्या नावावर, आणि चार बायकांची बचत नियमित असून त्यांनी एकदाही काही मागितलेले नाही, अशी वही दिसली तर हा गट भांडणाला घाबरून पुढे सरकला आहे. हप्ता शेजारच्या पोराच्या हाती पाठवणे ही आणखी एक खूण. अशा गटाला मागे न्यावे लागते. प्रत्येकीने पुढच्या वर्षात आपल्याला कशासाठी पैसे लागतील ते सांगावे, एवढे एकदा बैठकीत विचारले तरी दबलेले वर येते.

कामगिरी. चौथ्या टप्प्यात पद आणि काम यांची गाठ सैल होते. ज्या वेळी जिला जमते ती करते. आपल्या गटात याची परीक्षा दिवाळीनंतर येते. सोयाबीनने त्या वर्षी हात दिला नाही, म्हणून चौघी नवऱ्यासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला निघतात. त्यांत कोषाध्यक्ष आहे, आणि बियाण्याचे ४,००० घेतलेलीही आहे. गट कामगिरीच्या टप्प्यावर असेल तर ताईला फोन येतो तो सल्ला मागायला नव्हे, ठरले ते सांगायला: मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून २,००० आत्ता, उरलेले पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, वही तोवर जिची मुलगी कॉलेजात जाते तिच्याकडे, चौघींची बचत परत आल्यावर एकदम. इथे नेत्याने वाटेतून बाजूला व्हावे, हिशोब मात्र वेळोवेळी तपासत राहावा. नीट चालणाऱ्या गटाची वही कोणी पाहत नाही, आणि घोटाळेही अशाच वह्यांत होतात.

मार्च-एप्रिलमध्ये चौघी परततात तेव्हा गट पुन्हा थोडा पहिल्या टप्प्यावर येतो. पाच महिन्यांत राहिलेल्या आठजणींनी काही नियम बदललेले असतात, नवी वहीवाली आता वही सोडायला नाखूष असते. परतल्यानंतरची पहिली बैठक नव्या गटासारखीच घ्यावी: शिल्लक मोजावी, मधल्या नोंदी वाचाव्यात, बदललेले नियम पुन्हा मताला टाकावेत. ऊसतोडीच्या पट्ट्यात ही चढउतार दरवर्षीची आहे, म्हणून इथे चार टप्पे एकदा चढायचा जिना म्हणून शिकवणे चुकीचे आहे.

मर्यादा. टकमन यांनी वाचलेले बहुतेक लेख मानसोपचाराच्या आणि प्रशिक्षणाच्या गटांवरचे होते. तिथे माणसे सहसा अनोळखी म्हणून भेटतात. गावात जावा, नणंदा आणि भावकी एकाच चटईवर बसतात; जमवाजमव जुनीच असते आणि बांधावरचे भांडण पहिल्या बैठकीलाच सोबत आलेले असते. त्यामुळे पहिल्या टप्प्यातली शांतता ओळख नसल्याची की ओळख फार असल्याची, हे ताईला आधी शोधावे लागते. दुसरा आक्षेप कॉनी गर्सिक यांच्या १९८८ च्या अभ्यासातून येतो. मुदतीत काम संपवायचे असलेल्या आठ गटांचे निरीक्षण करताना त्यांना टप्प्यांची अशी चढण दिसली नाही. गट पहिल्या बैठकीत एक वाट धरतात आणि निम्मी मुदत उलटली की ती एकदम बदलतात, असे त्यांना आढळले. गावच्या यात्रेच्या कमिटीला हे वर्णन अधिक लागू पडेल. बचत गटाला शेवटची तारीख नसते.

टकमन आणि मेरी ॲन जेन्सन यांनी १९७७ साली पाचवा टप्पा जोडला: गट विसर्जित होणे. बचत गटात हा टप्पा ठरवून क्वचितच येतो. बैठका विरळ होतात आणि खाते तसेच पडून राहते. तो ठरवून करायचा असेल तर आधी बँकेचे कर्ज फेडावे, मग आपसातली येणी वसूल करावीत, आणि उरलेली रक्कम व्याजासह प्रत्येकीच्या बचतीच्या प्रमाणात सगळ्यांसमोर वाटून वहीत सह्या-अंगठे घ्यावेत.