हॉलची ॲडव्हान्स डिसेंबरात, लग्न मे महिन्यात: जीएसटी कोणत्या महिन्यात भरायचा?

तुळशीचं लग्न लागलं की साताऱ्यातल्या मंगल कार्यालयांच्या डायऱ्या भरू लागतात. जूनमध्ये त्याच डायऱ्या माझ्या टेबलावर येतात आणि मालक म्हणतात, "लग्न मे महिन्यात झालं, मग डिसेंबरचं व्याज कसलं?" दरवर्षी दोन-तीन जण तरी हे विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेल्यामुळे नोंदणी घेतलेल्या आणि नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या कार्यालयांसाठी ही माहिती आहे. हॉल भाड्याने देणं ही सेवा आहे. सेवेचा नियम असा की बिल आणि पैसे यांपैकी जे आधी येईल त्या तारखेला कर लागू होतो. लग्न कधी लागलं हे इथे सहसा बघितलंच जात नाही.

गोंधळ होतो तो शेजारच्या दुकानदारामुळे. भांड्यांचा व्यापारी सांगतो, "ॲडव्हान्सवर कर नसतो." त्याच्यापुरतं ते खरं आहे, कारण वस्तूंच्या ॲडव्हान्सवरचा कर १५ नोव्हेंबर २०१७ पासून काढून टाकला आहे. सेवेला ही सवलत कधीच मिळाली नाही.

आता एक उदाहरण घेऊ. भाडं १,००,००० रुपये, १८ टक्के कर धरून १,१८,०००. मुलीच्या वडिलांनी ३० डिसेंबरला ५९,००० चा चेक दिला. तुम्ही त्याच दिवशी कीर्दीत जमा लिहिला आणि चेक वटला ३ जानेवारीला. कायद्यात पैसे मिळाल्याची तारीख म्हणजे वहीतली नोंद किंवा बँकेतली जमा, यांपैकी आधीची. म्हणजे महिना डिसेंबर. बँकेचं स्टेटमेंट पुढे करून जानेवारी म्हणता येत नाही, कारण तुमचीच वही तुमच्या विरोधात बोलते.

कर ५९,००० वर वरून लावायचा नाही, तो त्यातच आहे. ११८ ने भागून १८ ने गुणलं की ९,००० येतात: निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. डिसेंबरच्या GSTR-1 मध्ये ५०,००० ही रक्कम 11A या तक्त्यात दाखवायची आणि कर २० जानेवारीपर्यंत GSTR-3B मधून भरायचा. तो तेव्हा न भरता मेच्या रिटर्नसोबत २० जूनला भरला तर १५१ दिवसांचं १८ टक्क्यांनी व्याज साधारण ६७० रुपये होतं. एका लग्नाचं काही वाटत नाही, पण डायरीत चाळीस तारखा असतात.

पुढची चूक याच्या उलटी आहे. १२ मेला लग्न झालं, १४ मेला पूर्ण १,००,००० चं बिल केलं आणि पूर्ण १८,००० भरून टाकले. म्हणजे ९,००० दोनदा गेले! मेच्या GSTR-1 मध्ये बिल पूर्णच दाखवायचं, पण आधी कर भरलेले ५०,००० 11B मध्ये वजा करायचे. 3B मध्ये मग उरलेल्या ५०,००० चाच कर येतो. हा 11B चा रकाना बहुतेकांनी उघडूनही पाहिलेला नसतो.

उरलेले पैसे पाहुण्यांनी जुलैपर्यंत लांबवले तर? सेवा झाल्यापासून ३० दिवसांत, म्हणजे ११ जूनपर्यंत, बिल करायलाच हवं. ५ जूनला केलंत तर उरलेला कर जूनचा. "पैसे आले की बिल करू" म्हणत २० जूनला केलंत तर मुदत हुकली, आणि मग मात्र लग्नाची तारीख धरली जाते. कर मेचा होतो आणि पैसे तर अजून हातात नाहीत.

कागदांत अडतं ते एकाच ठिकाणी. ॲडव्हान्स घेतली की रिसीट व्हाउचर द्यावं लागतं: अनुक्रमांक, जीएसटी क्रमांक, तारीख, रक्कम, दर आणि कर असलेलं. छापखान्यातून आणलेल्या साध्या पावतीबुकात यातलं निम्मंही नसतं. नवं बुक छापून घ्या, खर्च फार नाही. लग्न मोडलं आणि बिल झालेलं नसेल तर पैसे परत देताना रिफंड व्हाउचर लागतं, आणि भरलेला कर RFD-01 अर्जातून मागता येतो. तिथे मूळ व्हाउचर नसेल तर काय सिद्ध करणार? बुकिंग रद्द केल्याबद्दल कापून घेतलेल्या रकमेवर मात्र कर राहतो.

तोडफोडीसाठी घेतलेलं परतीचं डिपॉझिट वेगळं आहे. ते भाड्यात वळतं करेपर्यंत त्यावर कर नाही. पण पुष्कळ जण भाडं आणि डिपॉझिट मिळून एकच आकडा पावतीवर लिहितात. तपासणीला आलेला अधिकारी ती सगळी रक्कम ॲडव्हान्स धरतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. दोन वेगळ्या पावत्या फाडा.