एचडीएमआय : वापरात महत्त्वाची ठरणारी वैशिष्ट्ये

एचडीएमआय ही दूरचित्रवाणी संच, गेमिंग कन्सोल, संगणक, डिस्क प्लेअर आणि साउंडबार एकमेकांना जोडून चित्र व आवाज डिजिटल रूपात वाहून नेणारी जोडणी आहे. तिची पहिली आवृत्ती २००२ साली आली. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत काही ना काही भर पडत गेली आणि आता वैशिष्ट्यांची यादी बरीच लांबली आहे. प्रत्यक्ष वापरात मात्र बहुतेक अडचणी दोनच प्रश्नांवर येऊन थांबतात : हवे ते चित्र या तारेतून मावते का, आणि टीव्हीतला आवाज पूर्ण दर्जासह बाहेरच्या स्पीकरपर्यंत पोचतो का. पहिल्याचे उत्तर बँडविड्थमध्ये आहे, दुसऱ्याचे ई-आर्कमध्ये, म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलमधूनच उलटा बाहेर नेण्याच्या सोयीत. घरात हे दोन्ही बहुधा एकाच पोर्टवर येऊन आदळतात आणि खरा घोळ तिथे होतो.

आवृत्तीचा आकडा

खोक्यावर छापलेल्या ‘२.१’ या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. ही आवृत्ती २०१७ साली जाहीर झाली. ४८ गिगाबिट प्रतिसेकंद वेग, ४के चित्र सेकंदाला १२० वेळा, ई-आर्क, बदलता रिफ्रेश दर अशा गोष्टी तिच्यात आल्या, पण त्यातल्या बहुतेक ऐच्छिक आहेत. फक्त १८ गिगाबिटचे पोर्ट असलेल्या संचालाही नियमाने २.१ म्हणता येते. म्हणून आकडा सोडून द्यावा आणि माहितीपत्रकात दोन ओळी शोधाव्यात : कोणत्या क्रमांकाचे पोर्ट ‘४के १२० हर्ट्झ’ घेते, आणि कोणत्या क्रमांकाचे पोर्ट ई-आर्कचे आहे. संचापेक्षा पोर्टला महत्त्व द्यायचे, कारण एकाच टीव्हीच्या चार पोर्टांत दोन प्रकार असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

चित्राचा हिशोब

बँडविड्थ म्हणजे तारेतून एका सेकंदात जाऊ शकणारी माहिती. एक हिशोब हाताने करून पाहिला की पुष्कळ कोडी सुटतात. ४के चित्रात ३८४० × २१६० ठिपके दिसतात. पण प्रत्येक फ्रेमभोवती न दिसणारी मोकळी जागाही पाठवली जाते. ती धरून ठरलेला आकार ४४०० × २२५० होतो, म्हणजे फ्रेममागे ९९ लाख ठिपके. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या की ५९.४ कोटी. लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे ठिपक्याला २४ बिट धरले तर १४.२६ गिगाबिट होतात. २.० पर्यंतच्या पद्धतीत दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवावे लागतात, म्हणून प्रत्यक्ष भार १७.८२ गिगाबिट. मर्यादा १८ ची. म्हणजे ४के ६० हर्ट्झ जेमतेम मावते.

आता याच चित्राला एचडीआर, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला मोठा पल्ला, हवा असेल तर रंगाला १० बिट लागतात आणि भार २२ गिगाबिटांच्या पुढे जातो. १८ गिगाबिटच्या पोर्टवरही एचडीआर चालते, कारण उपकरण रंगाची माहिती कमी करते. डोळ्याला उजेडातला बारीक फरक कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून उजेड प्रत्येक ठिपक्याचा पाठवायचा आणि रंग शेजारच्या दोन ठिपक्यांत मिळून एकच. ही 4:2:2 पद्धत. चार ठिपक्यांत एक रंग पाठवला तर ती 4:2:0. चित्रपट पाहताना हा फरक बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. टीव्हीला संगणक जोडला की मात्र लगेच दिसतो. निळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरे कडांना फिसकटलेली, धुरकट दिसतात. असे दिसले तर पडद्याला दोष देण्याआधी सिग्नलचा प्रकार तपासावा.

दुसऱ्या टोकाला चित्रपट. तो सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. २४ फ्रेमच्या चित्रात मोकळी जागा जास्त असते आणि आकार ५५०० × २२५० होतो. तरीही त्याच हिशोबाने १० बिट रंगासह ४के चित्रपट सुमारे ११ गिगाबिटांत बसतो, रंगात कपात न करता. ज्याला फक्त चित्रपट आणि मालिका पाहायच्या आहेत त्याला ४८ गिगाबिटचा काही उपयोग नाही. विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

जास्त वेग खरोखर लागतो तो गेमसाठी. १२० हर्ट्झला १० बिट रंग पूर्ण पाठवायचा तर नुसती माहितीच ३५ गिगाबिटांच्या वर जाते. त्यासाठी २.१ मध्ये तारेचा वापरच बदलला. पूर्वी तीन जोड्यांतून माहिती आणि चौथीतून घड्याळाचा ठोका जात असे. आता चारही जोड्या माहिती वाहतात, प्रत्येकी १२ गिगाबिटपर्यंत, आणि १६ बिटांसाठी १८ एवढीच भर पडते. ४० गिगाबिटचे पोर्टही हे चित्र पूर्ण रंगात नेते, कारण मोकळ्या जागेची माहिती आकसून पाठवता येते. त्यामुळे ४० आणि ४८ यांतल्या फरकावरून ४के टीव्ही निवडण्यात अर्थ नाही. ३२ किंवा २४ गिगाबिटवर मात्र रंग कमी करणे किंवा चित्र दाबून पाठवणे भाग पडते.

केबल

केबलला आवृत्ती नसते, वर्ग असतो. १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’, ४८ साठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. दुसऱ्या वर्गाच्या प्रमाणित केबलच्या वेष्टनावर स्कॅन करून पडताळता येणारे लेबल असते. ‘८के केबल’ एवढेच लिहिलेले असेल तर ते प्रमाणपत्र नव्हे. साधी तांब्याची केबल पूर्ण वेगाने काही मीटरच चालते. त्यापुढे प्रकाशतंतूची केबल घ्यावी लागते आणि तिला दिशा असते. उलटी लावली तर चित्रच येत नाही.

केबल कमी पडत असेल तर ती कशी वागते, हे वेगावर अवलंबून आहे. १८ गिगाबिटपर्यंत काळ्या भागात पांढरे ठिपके चमकून जातात, चांदण्यांसारखे. २.१ च्या वेगात चूक दुरुस्त करण्याची सोय असल्याने आधी काहीच दिसत नाही आणि मग पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो. चित्र फिके पडणे किंवा रंग उतरणे हे केबलचे लक्षण नाही. डिजिटल माहिती नीट पोचली तर महाग केबलचे चित्र स्वस्त केबलपेक्षा उजळ दिसत नाही.

ई-आर्क

पूर्वी सर्व उपकरणे स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरला जोडायची आणि रिसीव्हरमधून एक केबल टीव्हीला न्यायची अशी रीत होती. टीव्हीच्या आत ॲप आल्यावर आवाज टीव्हीतच तयार होऊ लागला आणि त्याला उलट्या दिशेने न्यायची गरज पडली. २००९ सालच्या १.४ आवृत्तीत त्यासाठी आर्क आले. पण त्याची वाट अरुंद आहे. दोन चॅनलचा साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला, आवाज किंवा डॉल्बी डिजिटलसारखा दाबलेला ५.१ आवाज, एवढेच त्यातून जाते. २.१ मध्ये आलेल्या ई-आर्क या त्याच्या सुधारित रूपाची वाट सुमारे ३७ मेगाबिटची आहे. हा आकडा कुठून आला तेही पाहता येते : ८ चॅनल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला १ लाख ९२ हजार नमुने, यांचा गुणाकार ३६.८६ मेगाबिट होतो. त्यामुळे डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी आणि न दाबलेला बहुचॅनल पीसीएम त्यातून जातात.

ॲपमधून येणारा ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज ऐकवणारा डॉल्बीचा प्रकार, बहुधा डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधलेला असतो आणि अनेक संचांत तो जुन्या आर्कमधूनही जातो. म्हणून नुसत्या ॲपसाठी ई-आर्कचा आग्रह धरण्याचे कारण नाही. डिस्क प्लेअर किंवा कन्सोल असेल तर आहे. कन्सोल गेमचा ५.१ आवाज अनेकदा पीसीएममध्ये पाठवतो. आर्कमधून तो जात नाही आणि मागचे स्पीकर गप्प बसतात.

आर्क चालण्यासाठी सीईसी, म्हणजे एका रिमोटने दुसरे उपकरण चालवण्याची सोय, सुरू असावी लागते. ई-आर्क स्वतःच्या वेगळ्या संवादवाटेने समोरचे उपकरण ओळखते. मात्र टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त करायचा तर सीईसी लागतेच. ओठ आणि आवाज यांचा मेळ आपोआप साधण्याची व्यवस्था ई-आर्कमध्ये अनिवार्य आहे.

ई-आर्कचा आवाज चित्राच्या चार जोड्यांतून जात नाही. तो पिन १४ आणि १९ वरून उलटा जातो. म्हणून टीव्ही ते साउंडबार एवढ्या केबलला ४८ गिगाबिटची गरज नसते. चांगली ‘हाय स्पीड विथ इथरनेट’ केबल पुरते. महाग केबल कन्सोलकडे लावावी. पुष्कळदा उलटे केलेले आढळते.

एक जोडणी

चार पोर्टांचा एक टीव्ही घेऊ. पोर्ट ३ आणि ४ यांवर ४के १२० हर्ट्झ चालते, आणि पोर्ट ३ हेच ई-आर्कचेही आहे. बाजारात ही मांडणी सर्रास दिसते. सोबत एक कन्सोल, एक डिस्क प्लेअर, एक सेट-टॉप बॉक्स आणि एचडीएमआय इनपुट असलेला साउंडबार.

पहिला विचार येतो तो कन्सोल साउंडबारच्या इनपुटला लावून पुढे टीव्हीला नेण्याचा. पण साउंडबारचे इनपुट १८ गिगाबिटचे असेल तर कन्सोलच्या मेनूतून १२० हर्ट्झचा पर्यायच नाहीसा होतो. त्यापेक्षा कन्सोल पोर्ट ४ ला, साउंडबार पोर्ट ३ ला, बाकी दोन १ आणि २ ला लावावेत. चित्र थेट टीव्हीत जाते, आवाज ई-आर्कने परत येतो. या मांडणीत १२० हर्ट्झसाठी एकच पोर्ट उरते. दुसरे कन्सोल किंवा गेमिंग संगणक घ्यायचा असेल तर टीव्ही निवडतानाच चारही पोर्ट पूर्ण वेगाचे असलेला पाहावा.

केबल लावल्या म्हणजे काम झाले असे नाही. बऱ्याच टीव्हींत प्रत्येक पोर्टचा वेग मूळ सेटिंगमध्ये कमी ठेवलेला असतो आणि तो ‘एन्हान्स्ड’ किंवा तशाच नावाच्या पर्यायाने वाढवावा लागतो. पोर्ट ४ वर ते केले की कन्सोलच्या चित्रविषयक माहितीत १२० हर्ट्झ दिसायला हवे. मग आवाज : टीव्हीत ई-आर्क ‘ऑटो’ आणि डिजिटल आवाज ‘पास-थ्रू’ ठेवावा. तो ‘पीसीएम’वर राहिला तर टीव्ही बऱ्याचदा सगळा आवाज दोन चॅनलमध्ये उतरवूनच पुढे देतो.

खात्री करायची ती साउंडबारच्या किंवा त्याच्या ॲपच्या पडद्यावर. ट्रूएचडीची डिस्क लावल्यावर तिथे `Dolby TrueHD` दिसले तर वाट मोकळी आहे. `Dolby Digital` दिसले तर जोडणी आर्कवर उतरली आहे किंवा प्लेअरच आवाज दाबून पाठवतो आहे. `PCM 2.0` दिसले तर वर सांगितलेले टीव्हीचे सेटिंग तपासावे. एक शक्यता उरते. डॉल्बीच्या डिस्क नीट वाजतात आणि डीटीएस या दुसऱ्या आवाजप्रकाराची डिस्क मुकी राहते. काही टीव्ही डीटीएस पुढे जाऊच देत नाहीत, ई-आर्क असले तरी. तेव्हा प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’ करावा. प्लेअर स्वतः डीटीएस उलगडून बहुचॅनल पीसीएम देतो, आणि टीव्ही असा पीसीएम पुढे जाऊ देत असेल तर तो ई-आर्कमधून साउंडबारला पोचतो.