वर्तमानाभिमुखता आणि अपास्तीय वटाव

आज मिळणाऱ्या सुखाला किंवा आज सोसाव्या लागणाऱ्या त्रासाला, तो केवळ 'आजचा' असल्यामुळे, वाजवीपेक्षा अधिक वजन देण्याच्या मानवी प्रवृत्तीला वर्तनवादी अर्थशास्त्रात वर्तमानाभिमुखता (प्रेझेंट बायस) म्हणतात. भविष्यातील मूल्य काळानुसार कसे घटत जाते, याची या प्रवृत्तीशी जुळणारी गणिती मांडणी म्हणजे अपास्तीय वटाव (हायपरबोलिक डिस्काउंटिंग). मुदतीपूर्वी हुंडी वटवताना सराफ जशी काही रक्कम कापून घेतो, तशीच उद्याच्या लाभातून मनही काही कापून घेते, म्हणून येथे 'वटाव' हा व्यापारातला शब्द योग्य ठरतो. मात्र सराफाचा दर ठरलेला असतो आणि मनाचा नसतो. या नोंदीतील साऱ्या विवेचनाचे मूळ याच फरकात आहे.

पॉल सॅम्युएलसन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात दर महिन्याला वटावाचा दर सारखाच धरला जातो. या पद्धतीला घातीय वटाव म्हणतात. तिचा एक गुण असा, की दोन तारखांमधली निवड आज जी असेल तीच वर्षभरानंतरही राहते. दर सारखा नसेल तर माणसाचा आजचा बेत उद्या त्यालाच पटेनासा होतो, हे रॉबर्ट स्ट्रॉट्झ यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात दाखवले. पुढे कबुतरांवरील प्रयोगांतून जॉर्ज एन्स्ली आणि जेम्स मेझर यांनी प्रत्यक्ष वर्तनाला अधिक जुळणारी वक्ररेषा शोधली. मेझर यांचे १९८७ चे सूत्र असे आहे:

```
V = A / (1 + kD)
```

येथे A म्हणजे मिळणारी रक्कम, D म्हणजे वाट पाहण्याचा काळ, k म्हणजे त्या व्यक्तीच्या अधीरतेचे माप आणि V म्हणजे त्या रकमेची आज वाटणारी किंमत. k दरमहा ०.२ आहे असे समजू. आज १०,००० रुपये घ्यायचे की महिन्याने ११,००० घ्यायचे, असे विचारले तर ११,००० ची आजची किंमत १.२ ने भागून सुमारे ९,१६७ येते आणि माणूस आजचे दहा हजार उचलतो. हीच निवड वर्षभर पुढे ढकलली, म्हणजे बारा महिन्यांनी १०,००० की तेरा महिन्यांनी ११,००० असे विचारले, तर किमती अनुक्रमे सुमारे २,९४१ आणि ३,०५६ होतात आणि तोच माणूस महिनाभर थांबायला आनंदाने तयार होतो. दोन्ही वेळा अंतर एका महिन्याचेच असते. वर्ष सरून ती तारीख उजाडली की हाच माणूस पुन्हा लगेच मिळणाऱ्या रकमेकडे वळतो. या पालटाला पसंतीचा उलटफेर म्हणतात.

बचतीच्या अभ्यासात या सूत्राऐवजी त्याचे एक सोपे रूप वापरतात. एडमंड फेल्प्स आणि रॉबर्ट पोलक यांनी १९६८ मध्ये ते पिढ्यापिढ्यांतील वाटणीसाठी मांडले होते आणि डेव्हिड लायबसन यांनी १९९७ मध्ये ते एकाच माणसाच्या बचतीला लावले. आज घडते त्याचे वजन पूर्ण धरायचे आणि आजनंतरच्या प्रत्येक गोष्टीला, ती उद्याची असो वा वीस वर्षांनंतरची, बीटा या एकाच आकड्याने गुणायचे, एवढाच त्याचा गाभा आहे. दर महिन्याचा साधा वटावही त्यात असतो, पण पुढील उदाहरणात सोयीसाठी तो सोडून दिला आहे.

लालबागच्या चाळीत राहणारा आणि प्रभादेवीच्या एका लहान छापखान्यात हिशेब पाहणारा एक नोकरदार घेऊ. त्याचा पगार ३२,००० रुपये असून तो एक तारखेला खात्यात जमा होतो. छापखान्यात वीसपेक्षा कमी माणसे असल्यामुळे तेथे भविष्य निर्वाह निधीची कपात नाही, म्हणजे बचत करायची तर ती स्वतःहूनच करावी लागते. दरमहा ३,००० रुपयांची आवर्ती ठेव उघडायचे त्याने ठरवले आहे. बँकेचा अर्ज घडी घालून लोकलच्या पासाच्या पाकिटात ठेवलेला आहे आणि त्यावर पेनाने लिहिलेला 'जून' खोडून 'ऑगस्ट' आणि तोही खोडून 'नोव्हेंबर' केलेला आहे. जूनमध्ये मुलांची वह्या-पुस्तके होती, ऑगस्टमध्ये गणपतीची तयारी, आणि नोव्हेंबरमध्ये दिवाळीची उसनवारी फेडायची होती. यातले एकही कारण खोटे नव्हते, पण असे कारण नसलेला महिना मुंबईत सहसा येत नाही.

३,००० रुपये बाजूला काढण्याची कळ ३,००० एकक धरू. त्या बचतीचे पुढे होणारे भले, म्हणजे व्याज, अडीअडचणीचा आधार आणि मनाची निश्चिंती मिळून, ३,६०० एकक धरू. त्याचा बीटा ०.७ आहे. आज एक तारखेला पैसे काढायचे तर कळ आजची, म्हणून पूर्ण ३,००० भरते, आणि भले पुढचे, म्हणून ते ३,६०० ऐवजी २,५२० च वाटते. हिशेब ४८० ने तोट्यात जातो. पुढच्या महिन्यापासून काढायचे म्हटले तर कळही पुढची होऊन २,१०० वर येते, भले २,५२० च राहते आणि ४२० चा नफा दिसतो. म्हणून 'पुढच्या एक तारखेपासून नक्की' हे वाक्य तो मनापासून बोलतो. ती तारीख उजाडली की मात्र ती 'आज' होते आणि पुन्हा ४८० चा तोटा दिसू लागतो. त्याचा बीटा ०.८३ च्या वर असता तर हा पेच पडलाच नसता.

यावर वरवर सोपा दिसणारा उपाय असा, की आज फक्त अर्ज भरावा आणि कपात पुढच्या महिन्यापासून आपोआप सुरू व्हावी. आजच्या नजरेने प्रत्येक पुढचा हप्ता ४२० चा नफा देतो, म्हणजे वर्षाचे ५,०४०. तरीही अर्ज पाकिटातच राहतो, आणि दिरंगाईचा सर्वात बोधप्रद भाग येथेच आहे. शाखेच्या वेळा आणि नोकरीच्या वेळा एकच असल्याने त्याला अर्ध्या दिवसाची रजा काढावी लागते, तिचे सहाएकशे रुपये कापले जातात, मालकाची परवानगी, झेरॉक्स आणि रांग हे वेगळेच. या साऱ्या कटकटीची किंमत १,५०० एकक धरू. ती आज उरकली तर पूर्ण १,५०० बसते, महिन्याने उरकली तर आजच्या नजरेला १,०५० च वाटते. म्हणजे ढकलण्याने ४५० वाचतात आणि एका महिन्याची बचत चुकल्याने ४२० जातात. तो ढकलतो. पुढच्या महिन्यात आकडे तेच असतात, उत्तरही तेच. वर्षाकाठी पाच हजारांचा नफा देणारे काम तीस एककांच्या फरकाने वर्षानुवर्षे अडकून पडते. कटकट १,४०० च्या खाली असती तर त्याने अर्ज त्याच दिवशी दिला असता. फोनवर पाच मिनिटांत होणाऱ्या अर्जाची कटकट २०० धरली, तर ढकलून वाचतात केवळ ६०. अशा सोयीने व्याजदर वाढत नाही, तरी बचत सुरू होते ती या कारणाने.

वरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत होती: आपण पुढच्या महिन्यात नक्की जाऊ, असे त्याला वाटत होते. टेड ओडोनह्यू आणि मॅथ्यू रेबिन यांनी १९९९ मध्ये अशा माणसाला भाबडा म्हटले आणि स्वतःचा स्वभाव ओळखून असलेल्याला जाणता म्हटले. जाणत्याचा बीटाही ०.७ च असला तरी निकाल वेगळा लागतो. 'आज गेलो नाही तर पुढच्या महिन्यातही जाणार नाही, निदान दोन महिने जातील' हे त्याला दिसले, तर ढकलून वाचतात ४५० आणि जातात ८४०, म्हणून तो आजच रजा टाकतो. या आकड्यांत जाणता फार तर एक महिना उशीर करतो, भाबड्याच्या उशिराला मात्र मर्यादाच नसते. दोघांची अधीरता समान आहे. फरक आहे तो स्वतःविषयीच्या अंदाजाचा, आणि 'आळशी' या शब्दाने तो झाकला जातो.

जाणता माणूस स्वतःचे हात बांधून घ्यायलाही तयार असतो. नवा अश्रफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी फिलिपिन्समधील एका बँकेत, ठरावीक तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता न येणारे खाते देऊ केले, त्याला जादा व्याज नव्हते. तरीही देऊ केलेल्यांपैकी २८ टक्क्यांनी ते घेतले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, खाते देऊ केलेल्या गटाची सरासरी शिल्लक वर्षभरात नियंत्रण गटाच्या तुलनेत ८१ टक्केबिंदूंनी अधिक वाढली होती. आपल्याकडे पंधरा वर्षे मुदतीचा सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी हे काम काही अंशी करतो, आणि चाळीतली किंवा कचेरीतली भिशीही करते, कारण तेथे हप्ता चुकवायचा तर तो दहा ओळखीच्या माणसांसमोर चुकवावा लागतो. भिशी चालवणाराच पैसे घेऊन गायब झाला तर दाद मागणे अवघड जाते, ही तिची उघड उणीव होय.

भाबड्यासाठी रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांची योजना अधिक उपयोगी ठरली. तिच्यात आजच्या पगाराला हात न लावता, पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही भाग बचतीत टाकण्याचे वचन आज घेतले जाते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या कंपनीत सहभागी झालेल्यांचा बचतीचा दर चाळीस महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला. कर्मचाऱ्याला बाहेर पडण्याची मुभा सतत होती. पण कपात थांबवणे हीदेखील एक कटकट असते. आपल्या छापखान्यातल्या नोकरदाराला एक तारखेला हप्ता चुकवून ४८० चा लाभ दिसतो, पण त्यासाठी लागणारी खटपट ४८० पेक्षा जड असेल तर हप्ता जातोच. ज्या रांगेने ठेव उघडू दिली नाही, तीच रांग उघडलेली ठेव मोडूही देत नाही.

बचत न करणारा प्रत्येक माणूस वर्तमानाभिमुख असतो असे नाही. महिनाअखेरीस हाती काहीच न उरणारा, किंवा चढ्या व्याजाचे कर्ज आधी फेडणारा, सुसंगत निर्णयच घेत असतो. ओळखण्याची खूण उलटफेर ही आहे: महिनाभर आधी विचारले तर 'हो' आणि त्या दिवशी विचारले तर 'नाही', आणि मध्यंतरी उत्पन्न किंवा खर्च यांत काही बदललेले नाही. रोख रकमेच्या प्रश्नांवरून बीटा मोजण्यातही अडचण आहे, कारण आज मिळालेले पैसे आजच खर्च होतात असे नसते, आणि नंतर देण्याच्या वचनावर विश्वास नसेल तर शहाणा माणूसही आजचेच घेतो. नेड ऑगेनब्लिक, म्युरिएल नीडर्ले आणि चार्ल्स स्प्रेंगर यांच्या २०१५ च्या प्रयोगात, त्याच व्यक्तींमध्ये पैशांबाबत वर्तमानाभिमुखता फारशी आढळली नाही, पण कंटाळवाणे काम आज करायचे की नंतर, या निवडीत ती स्पष्ट दिसली. त्या दृष्टीने पाहता, वरील उदाहरणात ३,००० रुपयांच्या हप्त्यापेक्षा अर्ध्या दिवसाच्या रजेचा हिशेब अधिक भरवशाचा मानावा लागतो.