रक्तगटांचा शोध व आरंभीची रक्ताधाने

रक्ताधान म्हणजे एका शरीरातील रक्त दुसऱ्या शरीराच्या नीलेत सोडणे, बोलीत ‘रक्त चढवणे’. हा उपचार रक्तगट कळण्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षे आधीपासून केला जात होता. त्या काळातील मृत्यूंची कारणे एकाच प्रकारची नव्हती. नळीत रक्त गोठे, नीलेत हवा शिरे, जंतुसंसर्ग होई. पण रुग्ण काही मिनिटांतच थरथरू लागला, कंबर दुखते म्हणाला आणि पुढे त्याला काळी लघवी झाली, तर त्याचे कारण बहुतेक वेळा रक्त न जुळणे हेच असे. ही नोंद मुख्यतः त्या कारणाबद्दल आहे.

प्राण्यांचे रक्त. पॅरिसमध्ये झां-बातिस्त दनी याने जून १६६७ मध्ये तापाने खंगलेल्या एका मुलाला सुमारे नऊ औंस (साधारण २७० मिलि.) कोकराचे रक्त दिले आणि तो मुलगा जगला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दनीने आंत्वान मोरुआ या वेडाचे झटके येणाऱ्या इसमाला वासराचे रक्त दिले. पहिल्या वेळी फारसे काही झाले नाही. एक-दोन दिवसांनी त्याहून जास्त रक्त दिले, तेव्हा हाताच्या नीलेतून आग वर चढल्यासारखे वाटले, नाडी जलद झाली, घाम फुटला, कंबरेत कळा आल्या आणि उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशीची लघवी धुराड्यातील काजळी कालवल्यासारखी काळी होती, असे दनीने लिहून ठेवले आहे. न जुळणाऱ्या रक्ताच्या प्रतिक्रियेचे हे बहुधा पहिले तपशीलवार वर्णन असावे, आणि आजही त्यातील एकही लक्षण वगळावे लागत नाही. दनीने मात्र ती काळी लघवी म्हणजे शरीरातून निघून जाणारे दूषित द्रव्य मानले.

मोरुआ १६६८ च्या आरंभी, पुन्हा रक्त देण्याच्या प्रयत्नानंतर, मरण पावला. तो रक्ताने मेला की विषाने, याबद्दल मतभेद आहेत. पत्नीने त्याला विष घातल्याचा आरोप न्यायालयात पुढे आला आणि एप्रिल १६६८ मध्ये दनी निर्दोष ठरला. तिसऱ्या वेळी त्याच्या शरीरात फारसे रक्त गेलेच नसावे, असे वृत्तांतावरून दिसते. त्यामुळे विषाचे मत अधिक संभवनीय वाटते. पण दुसऱ्या वेळच्या प्रतिक्रियेचे कारण रक्तच होते, यात शंका नाही. या प्रकरणानंतर फ्रान्समध्ये रक्ताधानावर बंदी आली आणि पुढे दीडशे वर्षे हा विषय मागे पडला.

माणसाचे रक्त माणसाला. लंडनच्या गायज रुग्णालयातील प्रसूतितज्ञ जेम्स ब्लंडेल याने कुत्र्यांवर प्रयोग करून एक गोष्ट ताडली : एका जातीच्या प्राण्याला दुसऱ्या जातीचे रक्त घातक ठरते, म्हणून माणसाला माणसाचेच रक्त द्यावे. डिसेंबर १८१८ मध्ये त्याने जठराच्या रोगाने मरणासन्न झालेल्या रुग्णाला माणसाचे रक्त दिले. रुग्ण दोनएक दिवसांनी मरण पावला. पहिले यश कोणते धरावे यावर एकमत नाही. सामान्यतः १८२९ साली प्रसिद्ध झालेली नोंद प्रमाण मानतात. तीत प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीला सुमारे तीन तासांत आठ औंस रक्त पिचकारीने दिले होते आणि ती वाचली. ब्लंडेलच्या सुमारे दहा रक्ताधानांपैकी निम्म्यांच्या आसपास यशस्वी झाली असे धरले जाते.

‘निम्मी जगतात, निम्मी मरतात’ असे का व्हावे, हे त्या शतकाला उमगले नाही. कारण साध्या हिशेबात आहे. इंग्लंडसारख्या लोकसंख्येत ढोबळ मानाने शंभरांत ४५ जण ओ, ४२ ए, ९ बी आणि ४ एबी गटाचे असतात. दाता काहीही न तपासता निवडला, तर ओ गटाच्या रुग्णाला १०० पैकी ५५ वेळा चुकीचे रक्त मिळेल, ए गटाच्या रुग्णाला १३ वेळा आणि बी गटाच्या रुग्णाला ४६ वेळा. एबी गटाचा रुग्ण कोणाचेही रक्त सोसतो. या सर्वांची गोळाबेरीज केली तर शंभर जोड्यांपैकी सुमारे ३४ जोड्या न जुळणाऱ्या निघतात. महाराष्ट्रात बी गट युरोपपेक्षा बराच जास्त आढळतो, म्हणून इथे हाच आकडा चाळिशीच्या पुढे जाईल. दोनतृतीयांश रुग्णांना रक्त मानवत होते, आणि नेमके तेच फसवे ठरले. पद्धत बरोबरच आहे, चूक हाताची किंवा रुग्णाच्या नशिबाची, असे वैद्य समजत राहिले. शिवाय रुग्ण आधीच रक्तस्रावाने बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असे, त्यामुळे तो रक्त उशिरा मिळाल्याने गेला की मिळाल्यामुळे गेला, हे सांगता येत नसे.

रक्त न जुळल्यावर काय होते. ए गटाच्या माणसाच्या तांबड्या पेशींवर ए प्रतिजन, म्हणजे शर्करेची एक विशिष्ट खूण, असतो आणि त्याच्या रक्तरसात (सीरममध्ये) बी विरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे बी खुणेला चिकटणारी प्रथिने, असतात. बी गटात याच्या उलट असते. ओ गटाच्या पेशींवर दोन्ही प्रतिजन नसतात, पण रक्तरसात दोन्ही प्रतिपिंडे असतात. ही प्रतिपिंडे आधी कधी रक्त घेतलेले नसतानाही असतात. आतड्यातील जंतूंवर तशाच शर्करा असतात आणि त्यांच्यामुळे ती बालपणीच तयार होतात, हे मत आज बहुतेकांना मान्य आहे. म्हणूनच पहिलेच रक्ताधान जीव घेऊ शकते.

परक्या पेशी शिरताच ही प्रतिपिंडे त्यांना चिकटतात आणि रक्तातील ‘पूरक’ प्रथिनांना जागे करतात. ती प्रथिने पेशींच्या पटलाला भोके पाडतात आणि पेशी वाहिनीतच फुटतात. मोकळे झालेले हीमोग्लोबिन धरून ठेवणारे हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन थोडेच असते. ते संपले की उरलेले हीमोग्लोबिन मूत्रपिंडांतून गाळले जाते आणि लघवी लालसर ते काळी होते. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडतात. वाहिन्यांत ठिकठिकाणी रक्त गोठू लागल्याने गोठण्याची द्रव्येच संपतात आणि सुईच्या जागेतूनही रक्त झिरपत राहते. यातले बरेचसे पहिल्या काही दहा मिलिलिटरांतच सुरू होऊ शकते. म्हणून आजही रक्ताची पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे थेंब सावकाश सोडतात आणि रुग्णाजवळून हलत नाहीत. ताप, थंडी, कंबरदुखी किंवा ‘काहीतरी वाईट होतंय’ अशी तक्रार आली की आधी रक्त थांबवायचे आणि सलाइन चालू ठेवायचे.

पेशींचा पुंजका होणे (समूहन) आणि रक्त गोठणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. जुन्या लेखनात त्यांची गल्लत झालेली दिसते. गोठण्याचा दोष टाळण्यासाठी रक्त घुसळून त्यातील तंतू काढून टाकत, पण समूहनावर त्याचा काहीच परिणाम होत नसे.

लांडश्टायनरचा तक्ता. लेओनार्ड लांडोइस याने १८७५ मध्ये दाखवले होते की एका जातीच्या प्राण्याच्या तांबड्या पेशी दुसऱ्या जातीच्या रक्तरसात पुंजके होऊन फुटतात. त्याच सुमारास एमिल पोनफिक याने काळ्या लघवीतील रंग हा फुटलेल्या पेशींच्या हीमोग्लोबिनाचा आहे हे ओळखले. त्यामुळे तोवर काही वैद्य देत असलेले मेंढ्याचे रक्त देणे थांबले. पण माणसा-माणसांत असाच फरक असेल असे कोणी मानले नाही. आजारी माणसाच्या रक्तरसाने दुसऱ्याच्या पेशींचे पुंजके झालेले काहींनी पाहिले होते, पण ते त्या आजाराचे लक्षण समजले गेले.

व्हिएन्नातील कार्ल लांडश्टायनर याने १९०० साली एका लेखाच्या तळटीपेत लिहिले की निरोगी माणसाचा रक्तरसही दुसऱ्या माणसाच्या पेशींचे पुंजके करतो. हा फरक जन्मजात की जंतुसंसर्गाने आलेला, हा प्रश्न त्याने तिथे मोकळाच ठेवला. उत्तर १९०१ च्या लेखात आले. रीत इतकी साधी होती की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटते. तांबड्या पेशींचा सुमारे ५ टक्के निलंब, म्हणजे पेशी न विरघळता तरंगत राहतील असे मिश्रण, ०.६ टक्के मिठाच्या द्रावात करायचा, त्यात तितकाच रक्तरस मिसळायचा आणि परीक्षानळीत किंवा काचेला लोंबणाऱ्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे.

पहिल्या तक्त्यात सहा निरोगी माणसे होती : लांडश्टायनर स्वतः, श्ट्योर्क, प्लेच्निग, श्टुर्ली, एर्डहाइम आणि झारिच. प्रत्येकाचा रक्तरस प्रत्येकाच्या पेशींशी मिसळला, म्हणजे ३६ मिश्रणे झाली. स्वतःच्या रक्तरसात कोणाच्याही पेशी जमल्या नाहीत. लांडश्टायनर आणि श्ट्योर्क यांच्या पेशी कोणत्याच रक्तरसात जमल्या नाहीत, पण या दोघांच्या रक्तरसाने इतर चौघांच्या पेशी जमवल्या. उरलेल्या चौघांच्या दोन जोड्या पडल्या. श्टुर्ली व एर्डहाइम यांच्या रक्तरसाने प्लेच्निग व झारिच यांच्या पेशी जमल्या आणि उलटही तसेच झाले, मात्र जोडीतल्या जोडीत काही झाले नाही. आजाराने असे घडत असते, तर तक्ता इतका रेखीव आला नसता. हाच त्यातील खरा पुरावा आहे. एकूण २२ जणांचे रक्त तपासून त्याने ए, बी आणि सी असे तीन गट सांगितले. सी म्हणजे आजचा ओ. रक्ताधानाचे फळ कधी चांगले, कधी वाईट का येते हे यावरून समजू शकेल, असे त्याने लेखाच्या शेवटी जाता जाता म्हटले आहे.

चौथा गट व नावांचा घोळ. एबी गट शंभरांत चारपाच जणांत असल्याने २२ माणसांत तो सुटला. १९०२ मध्ये व्हिएन्नातच देकास्तेलो व श्टुर्ली यांनी १५५ जण तपासले. त्यांतील चौघे तीन गटांत बसेनात, पण त्यांनी त्यांना अपवाद मानले, गट नव्हे. प्राग येथील मनोविकारतज्ञ यान यान्स्की मानसिक आजार आणि समूहन यांचा संबंध शोधत होता. तो संबंध सापडला नाही, पण १९०७ मध्ये त्याने I ते IV असे चार गट स्पष्टपणे मांडले. चौथ्या गटाचे श्रेय कोणाला द्यावे याचा वाद आहे. निरीक्षण व्हिएन्नाचे आणि गट म्हणून मांडणी यान्स्कीची, असे म्हणणे पुराव्याला धरून होईल.

१९१० मध्ये अमेरिकेत विल्यम मॉस यानेही स्वतंत्रपणे चार गट सांगितले, पण त्याचे क्रमांक उलट होते. यान्स्कीचा I म्हणजे ओ, तर मॉसचा I म्हणजे एबी. II व III दोघांचे सारखेच. एका रुग्णालयात मॉसच्या रीतीने ‘I’ लिहिलेला दाता यान्स्कीची रीत पाळणाऱ्या रुग्णालयात ‘I’ च्या रुग्णाला लावला, तर एबी रक्त ओ रुग्णाच्या नीलेत जाई. याहून वाईट जोडी नाही. हा घोळ ए, बी, एबी, ओ ही नावे १९२७-२८ च्या सुमारास सर्वमान्य होऊ लागल्यावर हळूहळू मिटला.

प्रत्यक्ष वापर. शोध आणि उपयोग यांत बरीच वर्षे गेली. न्यूयॉर्कमध्ये रूबेन ओटेनबर्गने १९०७ पासून रक्त देण्याआधी दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तरसात मिसळून पाहण्यास सुरुवात केली. तीच आजची ‘क्रॉसमॅच’. गट माहीत असूनही ती करावी लागते, कारण ए-बी-ओ खेरीज इतर प्रतिजनही असतात. १९३९ मध्ये लेव्हिन व स्टेटसन यांनी मृत मूल जन्मलेल्या एका स्त्रीला पतीचे रक्त बाधल्याची नोंद केली. दोघेही ओ गटाचेच होते. गर्भामार्फत पतीच्या प्रतिजनाविरुद्ध तिच्यात प्रतिपिंडे तयार झाली होती. पुढच्या वर्षी आर्‌एच घटक हा ए-बी-ओ खेरीजचा असाच एक प्रतिजन सापडला आणि या प्रकाराचा उलगडा झाला. बाळंतिणीला पतीचेच रक्त देण्याची जुनी पद्धत किती धोक्याची होती, हेही त्यातून कळते.

१९५२ मध्ये मुंबईचे वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ गट नोंदवला. ए आणि बी प्रतिजन ज्या एच्‌ या पायावर उभे राहतात, तो पायाच या व्यक्तींच्या पेशींवर नसतो. नुसत्या पेशी तपासल्या तर त्या ओ वाटतात, पण त्यांच्या रक्तरसात एच्‌ विरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि ओ रक्तही त्यांना घातक ठरते. रक्तपेढीत रक्तरसाची उलट तपासणी करताना ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींचीही नळी लावतात. ‘ओ’ समजलेल्या रक्तरसाने त्या ओ पेशीही जमवल्या, तर बॉम्बे गटाची शंका घेऊन खात्री करावी लागते आणि तो गट ठरला तर पुढचे रक्त बॉम्बे गटाच्याच दात्याकडून शोधावे लागते.