टी-शर्टवरचा छाप फोटोतून काढतो म्हणजे नेमके काय करतो
(आमच्या स्टुडिओच्या ग्राहकांसाठी माहिती, महाल, नागपूर)

फ्रेमसाठी फोटो निवडायला बसले की घरोघरी हीच अडचण येते. चेहरा सुरेख आलेला असतो, पण अंगात कुठल्यातरी कंपनीने किंवा प्रचारात वाटलेला टी-शर्ट असतो. मग ग्राहक म्हणतात, "भाऊ, तेवढी अक्षरं पुसून द्या." पुसणे दोन मिनिटांचे काम आहे. वेळ लागतो तो पुसल्यावर तिथे कापड पुन्हा उभे करायला, कारण अक्षरांखालचे कापड फोटोत आलेलेच नसते.

अलीकडचे एक काम सांगतो. फुटाळा तलावावर दुपारच्या उन्हात काढलेला वडिलांचा फोटो होता. लाल टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या अक्षरांत घोषवाक्य आणि त्यावरून खांद्याकडून पोटाकडे गेलेल्या तीन ठळक चुण्या. शेजारचे लाल कापड उचलून अक्षरांवर चिकटवले असते, तर चुण्या मधेच तुटल्या असत्या. फोटोत काहीतरी खटकते असे वाटते आणि नेमके काय ते सांगता येत नाही, तेव्हा बहुतेकदा कारण हेच असते.

रंगीत फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा बनलेला असतो. लाल कापड लाल थरात उजळ दिसते आणि पांढरे अक्षरही उजळच दिसते. म्हणून त्या एका थरात घोषवाक्य जवळपास विरून जाते, चुण्या मात्र अक्षरांच्या आत-बाहेर सलग दिसतात. हिरव्या थरात उलटे: कापड काळपट आणि अक्षरे ठसठशीत. आम्ही लाल थराची प्रत घेतली, अक्षरांपुरती ती किंचित गडद करून आजूबाजूच्या कापडाशी जुळवली. मग त्याच टी-शर्टच्या सावलीतला गडद लाल आणि उन्हातला फिका लाल घेऊन तिच्यावर रंग चढवला. चुण्या अशा फोटोतूनच परत मिळाल्या, रंगवाव्या लागल्या नाहीत. पिवळा छाप पांढऱ्या शर्टावर असेल, तर हीच युक्ती लाल किंवा हिरव्या थरात चालते. पांढऱ्यावर काळा छाप असेल तर मात्र एकही थर कामी येत नाही.

निवड अक्षराच्या कडेवर थांबवून चालत नाही. जेपीईजी फाइलमध्ये रंगाची माहिती सहसा उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ साठवलेली असते, त्यामुळे अक्षराभोवती गुलाबी झाक पसरते. म्हणून निवड ३–४ पिक्सेल बाहेरपर्यंत धरावी लागते. नाहीतर अक्षर जाते आणि त्याची रूपरेषा मागे राहते.

यानंतर वीण. रबरी छापाने होजिअरीची वीण झाकलेली असते, म्हणून रंग जुळूनही ती जागा प्लॅस्टिकसारखी गुळगुळीत दिसते. इथे आम्ही फोटोचे दोन भाग करतो, एकात उजेड-सावली आणि दुसऱ्यात नुसती वीण. मग फक्त वीण क्लोन स्टॅम्पने हलवतो. ती उचलायची ती शेजारच्या, तितक्याच फोकसमधल्या कापडावरून आणि त्याच दिशेने जाणारी, कारण विणीच्या उभ्या रेघा चुणीसोबत वळतात. एकाच ठिकाणाहून वारंवार उचलली तर तोच ठिपका ठरावीक अंतराने पुन्हा दिसू लागतो, म्हणून चार-पाच जागा बदलतो.

शेवटी फोटोचा कॉन्ट्रास्ट मुद्दाम खूप वाढवून बघतो. अक्षरांचे भूत शिल्लक असेल तर तिथे लगेच दिसते. या फोटोत एका अक्षराचा खालचा भाग असा उघडा पडला. उन्हाने तो इतका पांढरा झाला होता की लाल थरातही चुणी उरली नव्हती. तेवढा भाग दोन्ही बाजूंच्या चुणीची टोके जोडून हाताने रंगवला. अक्षरांचा बराचसा भाग असा उडालेला असेल, तर आम्ही आधीच सांगतो की तिथले कापड अंदाजाने होईल.

जाड छापाची आणखी एक गंमत आहे. तेवढी जागा ताठ राहते, त्यामुळे अक्षरे गेली तरी छातीवर एक सपाट चौकोन उरतो. त्याच्या कडा आम्ही मऊ करतो, पण तिथे नसलेल्या चुण्या भरत नाही. तशा भरल्या तर माणसाच्या अंगाचा आकारच बदलतो.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो लहान होतो आणि वीण जाते. अशा फोटोत छाप काढणे उलट सोपे असते, कारण वीण बनवावीच लागत नाही. पण १२ बाय १८ इंचाची फ्रेम मागितलीत तर सगळाच शर्ट मेणाचा दिसेल. म्हणून प्रिंटचा आकार आधी कळवा. फ्रेममध्ये फोटो खांद्यापर्यंतच घ्यायचा असेल तर तेही बोला, कारण मग हे काम लागतच नाही.

अपघाताचे, विम्याचे किंवा कोर्टात द्यायचे फोटो आम्ही या कामासाठी घेत नाही. विक्रीच्या मालावरचे दुसऱ्याचे चिन्हही पुसून देत नाही. तुमची मूळ फाइल जशीच्या तशी, सुधारलेल्या फाइलसोबत परत मिळेल.